अखंड तीन तास

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला आठवडा उरला होता आणि मी एकही सराव पेपर सलग सोडवला नव्हता.

आमचं नळ-पाइपचं दुकान. कुणाचा नळ कधी फुटेल याचा काही नेम आहे का? सकाळी सहा ते आठ जीवशास्त्र, असं वेळापत्रक मी भिंतीवर चिकटवलं, तर सहालाच प्लंबर दारात. शेवटी ते फाडलं. व्याख्या, सूत्रं चिठ्ठ्यांवर लिहून वॉशरच्या डब्यात टाकली. गिऱ्हाईक गेलं की चिठ्ठी काढायची, आलं की ठेवायची. तेवढं जमलं. पण सराव पेपर असा तुकड्यातुकड्यांत होत नाही. त्याला घड्याळ लावून अखंड तीन तास बसावं लागतं.

म्हणून आठ दिवस आधीच बाबांना सांगून ठेवलं होतं, रविवारी दुपार माझी. "मी आहे ना!" म्हणाले.

रविवारी मी आतल्या टेबलावर पेपर उघडला. बाबा "आलोच" म्हणून जे गेले ते गेलेच. शटर अर्धं खाली करून. अर्धं शटर म्हणजे मालक आत आहेत, हे सगळ्या प्लंबर लोकांना पाठ.

"ताई, अर्ध्या इंचाचा एल्बो द्या ना."

पाइपचा तो वाकडा जोड दिला. बसले. दुसरा आला. मग तिसरा, त्याला नळाचा रंग पसंत पडेना! माझं डोकं भणभणायला लागलं.

तेवढ्यात बाबा गप्पा मारून परतले. "पाचच मिनिटांचं काम तर होतं. एवढी काय चिडतेस?"

"पाच मिनिटं? बाबा, दादाची परीक्षा होती तेव्हा शटर पूर्ण खाली होतं! रेडिओसुद्धा बंद! माझ्या वेळी तुम्हाला गावभर फिरायला सुचतं?"

"त्याची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? सांगा ना!"

मी पेपर आणि घड्याळ उचललं, तरातरा माडीवर गेले. दादा दुपारी दोनलाही पांघरूण ओढून पडला होता. ते ओढून काढलं.

"ऊठ. खाली जा. गल्ल्यावर बस."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"मलाही जन्मतःच कळत नव्हतं."

तो बडबडत गेला. मी आतून कडी लावली, घड्याळ लावलं, पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

खाली डबे आपटल्याचे आवाज. मग बाबांची हाक, "अगं, अर्ध्या इंचाचा एल्बो कुठे ठेवलायस?"

तिसरी फळी, डावीकडे, निळा डबा. मीच लावलाय.

"अगं ए! गिऱ्हाईक उभं आहे!"

मी दुसरा प्रश्न वाचायला घेतला.