पुसलेल्या भिंतीची लाली

"मुलीच्या खोलीतली लाल भिंत पांढरी करा," असा गिऱ्हाइकाचा फोन आला आणि माझं डोकंच फिरलं. हट्टाने लाल मागितली ती यांच्याच मुलीने. रेंडर, म्हणजे खोलीचं कॉम्प्युटरवरचं चित्र, पास झाल्यावर आता यांना पांढरी आठवली! कारण विचारायच्याही भानगडीत मी पडलो नाही.

चिडून भिंतीचा रंग तेवढा बदलला. भिंतीवर आपटून उजेड खोलीभर कसा पसरतो, ते गणित कॉम्प्युटर रात्रभर करतो. म्हणून लाल भिंतीचं आधी साठवलेलंच वापरलं.

संध्याकाळी मुलीचे वडील एकटेच वर ऑफिसात आले. स्क्रीनवर भिंत पांढरीशुभ्र होती, पण छतावर आणि पलंगाच्या चादरीवर गुलाबी झाक तशीच होती.

"ही लाली कुठून येतेय?"

"जुन्या भिंतीची आहे, काका. भिंत गेली, तिचा उजेड राहिला. माझीच चूक. पण तुमच्या मुलीला तर लालच..."

"ती गेली, मागच्या आठवड्यात," ते म्हणाले. "काढा ते लवकर. तिची आई गाडी लावून वर येतेय."

जिन्यात चपला वाजल्या. रात्रभराचं गणित अजून सुरूही झालं नव्हतं.