खोक्यावरचे बाराशे

माझ्या दुकानात भांडायला येणारी माणसं आधी आवाज चढवतात. काकांनी वही पुढे केली. "हे चुकून छापलंय की खोटं छापलंय?" एवढंच लिहिलेलं, आणि शेजारी मी चार दिवसांपूर्वी विकलेल्या वायफाय ॲडॅप्टरचा खोका. त्यावर वेगाचा ठसठशीत आकडा, बाराशे.

काकांना जन्मापासून ऐकू येत नाही. हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली, त्यामुळे छापलेल्या अक्षरावर त्यांचा भारी विश्वास. बायको होती तोवर घरात बोटांनी बोलणं चालायचं. ती गेली आणि आसपास ती भाषा येणारं कुणी उरलं नाही. राहिला एक शाळेतला दोस्त, लांबच्या गावी. दर गुरुवारी चार वाजता दोघं कॉम्प्युटरवर समोरासमोर बसतात. पण गेले काही महिने दोस्ताचे हात स्क्रीनवर तुटायचे, चित्र अडकायचं, अर्ध्या खुणा कळायच्याच नाहीत. आठवड्यातलं बोलणं ते एवढं, आणि तेही अर्धंच पदरात पडायचं.

मी वहीत लिहायला घेतलं, "स्पिड म्हणजे". त्यांनी पेन काढून घेतलं, वेलांटी दीर्घ केली आणि पेन परत दिलं. मला राग आला, तरी लिहीत गेले. या यंत्राला सिग्नलचे दोन पट्टे, म्हणजे बँड, असतात. एकाची क्षमता तीनशे, दुसऱ्याची आठशे सदुसष्ट. कंपनी दोन्हींची बेरीज करते, वर थोडं फुगवते आणि बाराशे छापते. तुमचा कॉम्प्युटर एका वेळी एकच पट्टा वापरतो. त्याचाही आकडा कागदावरचा, प्रत्यक्षात निम्मा मिळाला तरी खूप. शिवाय तुमचं कनेक्शनच पन्नासचं. नळाला धारच बारीक, तर बादली मोठी आणून काय होणार?

"म्हणजे खोटं," त्यांनी लिहिलं.

"खोटं नाही, फुगवलेलं."

"आमच्याकडे त्याला खोटंच म्हणायचे."

विकताना मीही त्या बाराशेवरच बोट ठेवलं होतं. कॉम्प्युटर कुठे ठेवलाय, हे विचारायचं सुचलंही नव्हतं. ते मनाला लागलं, म्हणून गुरुवारी तीनलाच दुकानाला कुलूप लावून त्यांच्याकडे गेले.

दोनच खोल्या. राउटर बाहेरच्या खोलीत, आणि आतल्या खोलीत लोखंडी टेबल. कॉम्प्युटरचा डबा त्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात कोंबलेला. ॲडॅप्टर डब्याच्या पाठीमागे, भिंतीला चिकटून, अँटेना दुमडलेला. पुढे डब्याचा पत्रा, त्यापुढे टेबलाचा पत्रा. पत्र्यातून सिग्नल यायचा कसा? मी गुडघ्यांवर रांगत आत शिरले, मागे एक मीटरची यूएसबी केबल लावली आणि ॲडॅप्टर टेबलावर, दारातून राउटर दिसेल अशा जागी आणून ठेवला.

काकांनी अँटेनाचं टोक राउटरकडे वळवलं, बोट दाखवावं तसं. मी तो उभा केला आणि लिहिलं, "टोकाकडून सिग्नल कमी जातो, अंगाने जास्त. राउटरचा उभा आहे, तर हाही उभाच."

मघाशी सात-आठवर डळमळणारा वेग आता सेहेचाळीसवर थांबला. इथून बाहेर जाणारा चाळीस. मी लिहिलं, "कॉलला तीन-चार पुरतात. पण ते न तुटता मिळायला हवेत, येताना आणि जाताना." काकांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि खुर्ची पुढे ओढली.

चार वाजता दोस्त आला. चित्र काचेसारखं स्वच्छ. त्याच्यामागे खिडकीचा पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता, कुठेही न अडकता. मला शाबासकी घ्यावीशी वाटली. मग दोस्ताने हात वर केले.

हात थरथरत होते. मी सवयीने सिग्नल पाहिला, पूर्ण होता. खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं, तो आपला छान हलत होता. दोस्ताच्या बोटांनाच काही धरवत नव्हतं. एक खूण सुरू व्हायची आणि मध्येच विस्कटायची. काका त्या मागच्या पडद्याकडे बघत, मग हातांकडे, पुन्हा पडद्याकडे, प्रूफ तपासल्यासारखे. मला कळलं ते त्यांना माझ्या आधीच कळलं असणार.

दोस्ताने काहीतरी विचारलं. काकांनी मान हलवली आणि तीन-चार छोट्या खुणा केल्या. दोस्ताने हात खाली घेतले, क्षणभर मांडीवर दाबून धरले आणि तेच पुन्हा सांगायला लागला, संथपणे. काका पुढे झुकून बघत राहिले. त्या दोघांत मी तिसरी, एक शब्द न कळणारी. उठून जावंसं वाटत होतं, पण उठवत नव्हतं.

अर्ध्या तासाने कॉल संपला. मी वही ओढली. "ते काय विचारत होते?"

"आता नीट दिसतंय का."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

काकांनी पेन घेतलं. मग त्यांच्या त्या रेखीव अक्षरात लिहिलं, "नाही म्हटलं. नेट अजून खराब आहे, तू सावकाश सांग."