नऊ इंची भिंत आणि नत्थुजींची बंगई

अकोल्यातल्या त्या तीन मजली सोसायटीच्या सेक्रेटरी निखतबाजी. तिसऱ्या मजल्यावरच्या माणिकबाईंनी त्यांना सांगितलं, "बाजी, माह्या घरची भांडी तालात वाजून राहिली."

खाली दुसऱ्या मजल्यावर जाऊन पाहिलं, तर तिथल्या नत्थुजींनी हॉल आणि खोलीमधली भिंत पाडली होती. का, तर अमरावतीहून आणलेली सहा माणसांची बंगई तिथे मावेना. आता बंगई छताच्या कड्यांना टांगली होती आणि घरचे सगळे आळीपाळीने झोके घेत होते.

कमिटीने ठराव केला आणि निखतबाजींनी पत्र लिहिलं: विनापरवानगी भिंत तोडली आहे, पुढचं काम थांबवावं, इमारत सुरक्षित असल्याचा अभियंत्याचा अहवाल पंधरा दिवसांत द्यावा. नत्थुजींनी दुसऱ्या प्रतीवर पोचही दिली.

आठवड्यात अहवाल हजर. सही पुतण्याची, नितेशची. तो पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. लिहिलं होतं, "भिंत काढल्यापासून घर व्यवस्थित चालू आहे. बंगई दोनदा बंद करून पुन्हा सुरू केली. अडचण आढळली नाही."

निखतबाजींनी तो दोनदा वाचला. मग मनात आलं, चूक आपलीच. कसला अभियंता, ते पत्रात लिहिलंच नाही. त्यांनी दुसरं पत्र टाइप केलं, "परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर", आणि ते द्यायला जाताना ओळखीतल्या तशाच एका इंजिनिअरला, उज्मांना, सोबत नेलं.

"कावून एवढं पत्रावर पत्र?" नत्थुजी म्हणाले. "तुमी इंजिनिअर मागितला, म्या इंजिनिअर देल्ला. बसा, चहा घ्या."

बसायला दुसरी जागाच नव्हती. सगळं फर्निचर बंगईसाठी बाहेर काढलेलं. निखतबाजी नाइलाजाने टेकल्या. शेजारी नत्थुजी, सुभद्राबाई, दोन सुना. बंगई हलली. वर भांडी वाजली.

उज्मांनी उरलेल्या भिंतीवर टकटक केलं, जुना नकाशा पाहिला, छताला गेलेला बारीक तडा बोटाने दाखवला.

"या इमारतीत खांब नाहीत. ही भिंत नऊ इंची होती. वरचा स्लॅब हिच्यावरच टेकला होता. नत्थुजी, बंगई थांबवा. मग एकेक जण सावकाश उतरा. झोका देऊ नका."

चहाचा कप हातात धरून निखतबाजी उतरल्या. नत्थुजी सगळ्यात शेवटी, छताकडे पाहत.

त्याच संध्याकाळी लोखंडी टेकू आले आणि माणिकबाई बाळापूरला लेकीकडे गेल्या. महापालिकेची परवानगी आली, भिंतीच्या जागी गर्डर बसला, मग खरा अहवाल आला. छताला काहीही टांगू नये, असं त्यात ठळक होतं. सहीच्या खाली मात्र नत्थुजींनी पेनाने एक ओळ वाढवली होती, "पंखा सोडून."

निखतबाजी हसल्या नाहीत. उज्मांना फोन लावून त्यांनी विचारलं, "पंखा चालेल ना?"