चारशे फलंदाज

बक्षिसाचे कप बनवणारी मालकीण गोदामाचं दार उघडून जागच्या जागी थिजली. तिचा नियम एकच होता: कप तयार ठेवायचे, पण वरचा खेळाडूचा छोटा पुतळा ऑर्डर आल्यावरच चिकटवायचा. ती चार दिवस माहेरी काय गेली, दिराने चारशेच्या चारशे कपांवर फलंदाज बसवले होते!

"गेल्या वर्षी हेच खपले ना, वहिनी? आता ऑर्डर आली की थेट माल बाहेर!" दीर छाती फुगवून म्हणाला.

"ऑर्डर आलीय, भावजी. तीनशे कप, परवा हवेत. बुद्धिबळाचे."

तिने एका फलंदाजाला जोरात हिसडा दिला. कपाचा काठच तुटून हातात आला.

"तो नाही निघायचा," दीर पुटपुटला. "मी दुप्पट गोंद लावलाय."