हिरवा आकडा

अमरावतीच्या त्या कोचिंग क्लासात पोरं जांभया देत, तेव्हा दीपमाला मॅडमला वाटे, आपलंच शिकवणं रटाळ. मग श्वासातून साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं झोप येते, असं वाचून तिनं स्वतः तो मोजायचं यंत्र आणून टेबलावर ठेवलं. खिडक्या बंद असलेल्या एसी हॉलमध्ये आकडा लाल होऊन सव्वीसशेवर गेला आणि यंत्र ओरडू लागलं.

तिनं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले. आकडा हळूहळू हजाराखाली उतरून हिरवा झाला. मागच्या बाकावरून चक्क प्रश्न आला!

तेवढ्यात क्लासचे मालक पंजाबराव सर आले. "मॅडम, एसी चालू असतानी खिडक्या काहून उघडून राहिल्या? पालक एसी पाहूनच पोरं टाकतात!"

"सर, एसी आतलीच हवा गार करते. ताजी हवा आणत नाई."

सरांनी ऐकून घेतलं, अन् दुसऱ्या दिवशी खिडक्यांना स्क्रू मारले. यंत्र मात्र त्यांना भारी आवडलं. ते त्यांनी बाहेर, उघड्या दाराशी, पालकांच्या खुर्च्यांसमोर टांगलं. चारशे तीस, हिरवागार! एका बापानं कौतुकानं फोटो काढला.

आत पुन्हा माना पेंगू लागल्या. डोकं जड झालेली दीपमाला खडू धरून फळ्यासमोर उभी होती, आणि रोजचं सूत्र तिला काही केल्या आठवेना.