बिननावाचा फ्लेक्स

"तुझ्या मायनं गहू भिजू घातलेत."

शनिवारी सकाळी मानवतहून किशनरावांचा फोन आला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, थेट एवढंच बोलले.

आता एखाद्या घरात गहू भिजत पडले, तर त्यात दचकण्यासारखं काय आहे सांगा! एप्रिल महिना, कुरडया घालायचे दिवस, अख्ख्या गल्लीत बायकांचं तेच चाललेलं असतं. पण पुण्यातल्या ऑफिसात बसलेली त्यांची लेक, सुकेशनी, फोन घेऊन थेट बाहेर जिन्यात आली. चांगुणाबाईंनी नऊ वर्षांत घरात एक कुरडई घातली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिचा धाकटा भाऊ धम्मदीप, घरातला दीपू, पुण्याला कंपनीत काम बघतो म्हणून घराबाहेर पडला. एकोणीस वर्षांचं पोरगं. माय शेतात कामाला गेलेली, म्हणून पिठाच्या डब्यावर चिठ्ठी ठेवून गेला, 'माय, कुरडया माझ्याशिवाय घालू नको. मी येतो.' दरवर्षी सोऱ्या दाबायला तोच असायचा. गरम चीक सोऱ्यातून दाबायला दंडात ताकद लागते, आणि हा गडी एका दमात अख्खी बाज भरून टाकायचा. दोन महिने त्याचे फोन आले. मग बंद पडले ते पडलेच. कंपनी म्हणाली, काम सोडून गेला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. चिठ्ठी मायच्या पत्र्याच्या पेटीत गेली आणि सोऱ्या माळ्यावर.

"आताच काय झालं बाबा?"

"स्टँडासमोर फ्लेक्स लागलाय गं, दीपूचा. त्याच्याच अक्षरात. एक मेला येतोय म्हणून लिव्हलंय. तुझी माय गुरुवारपासून जेवायली न्हाई नीट. रोज गव्हाचं पाणी बदलायली आन् दिवसातून दोनदा स्टँडावर जाऊन वाचून यायली. मला बी काय समजंना झालंय."

सुकेशनीला सगळं समजलं होतं. तो फ्लेक्स तिचाच होता.

सुकेशनी सिनेमाच्या जाहिरातीच्या ओळी लिहायची. पोस्टरवर नावाखाली जी ओळ असते ना, जी वाचून माणूस 'बघू या का हा?' म्हणतो, ती कुणीतरी बसून लिहिलेली असते, आणि एक ओळ निघायला पन्नास-साठ ओळी कचऱ्यात जातात. या वेळचा सिनेमा होता 'सातवं ताट'. सात जणांचं घर, धाकटा निघून गेलेला, आणि तरी रोज त्याचं ताट वाढणारी आई. एक मेला, सुट्ट्या लागता लागता प्रदर्शन. पोरांच्या परीक्षा संपलेल्या, लेकी माहेरी आलेल्या, घरातली आठ-दहा माणसं एकदम थेटरात जातील असा हिशोब.

अशा सिनेमाला दोन ओळी लागतात. एक टीझरची. ती आधी येते, कुतूहल लावते आणि काही सांगत नाही. दुसरी पोस्टरची. ती नंतर सिनेमाच्या नावाखाली बसते आणि गोष्ट कशाबद्दल आहे ते सांगते, पण शेवट फोडत नाही. पोस्टरची ओळ सुकेशनीला पटकन सापडली होती, 'वाढलेलं ताट उचलायचं कुणी?' टीझरचं मात्र जमेना. 'घर तुझी वाट बघतंय' लिहिलं, तर ऑफिसच्या प्रमुख माधवीताई म्हणाल्या, "हे बँकेच्या गृहकर्जाला चालेल." 'नाती कधी तुटत नाहीत' लिहिलं, तर त्यांनी कागद नुसता बाजूला सरकवला. "चालत्या बसच्या खिडकीतून वाचून झालं पाहिजे सुकेशनी. आणि वाचणाऱ्या बाईला वाटलं पाहिजे, अरे, हे माझ्या घरातलं बोलणं यांना कुणी सांगितलं?"

घरातलं बोलणं! त्या दुपारी सुकेशनीनं मोबाईलमधला चिठ्ठीचा फोटो उघडला आणि ओळ लिहून दिली, 'माय, कुरडया माझ्याशिवाय घालू नको. १ मेला येतोय.'

माधवीताई खुर्चीतून उठल्याच. निर्मात्यानं पहिल्या फटक्यात होकार दिला. मुंबई-पुण्याकडं 'आई' टाकायचं आणि मराठवाडा-विदर्भात 'माय'च ठेवायचं, हे वितरकानं सांगितलं, कारण त्याला आपली थेटरं ठाऊक. अक्षर कसं असावं म्हणून डिझायनर अर्पितानं विचारलं, तेव्हा सुकेशनीनं तो फोटो नमुना म्हणून पाठवला. फक्त नमुना! पण अर्पितानं ते अक्षर जसंच्या तसं गिरवलं. छान दिसत होतं, सुकेशनीनंही मान डोलावली. भाऊ डोळ्यांसमोर आला, एवढंच तिला वाटलं. माय डोळ्यांसमोर आली नाही.

आणि शेवटची करामतही तिचीच. पहिले चार दिवस फ्लेक्सवर सिनेमाचं नाव नको, नटाचा चेहरा नको, काहीच नको. पांढऱ्या कापडावर फक्त ओळ. लोक विचारत बसतील हे कोण, कुठलं, आणि सोमवारी त्यावरच नावाचा मोठा फ्लेक्स चढेल. वितरक म्हणाला, चौदा एप्रिलच्या जयंतीचे फ्लेक्स उतरल्याशिवाय चौकात इंचभर जागा मिळायची नाही, म्हणून सोळा तारखेला लावले. आपल्या गावातल्या चौकात फ्लेक्स लागतो तो कुणाच्या तरी वाढदिवसाचा नाहीतर श्रद्धांजलीचा. तिथं फ्लेक्स म्हणजे माणसाची खबर असते. ही गोष्ट मानवतमध्ये वाढलेल्या पोरीला कळू नये, म्हणजे अक्कल गहाणच पडली म्हणायची.

तिनं माधवीताईंना फोन लावला. मानवतचा एक उतरवता येईल का?

"एक उतरवला तर वितरक दहा प्रश्न विचारेल गं. सोमवारी झाकलाच जाणार आहे. दोन दिवस कळ काढ," माधवीताई म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "ती ओळ खरीच होती का गं?"

सुकेशनीनं फोन ठेवला आणि ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं.

रविवारी सकाळी ती मानवतच्या स्टँडासमोर उतरली आणि जागीच खिळली. संगणकावर शंभर वेळा पाहिलेली ओळ इथं दहा फूट रुंद होऊन उभी होती. धम्मदीपचा तो तिरका 'य', 'कु'चा लांब ओढलेला उकार. खाली रसवंतीवाला आणि दोन रिक्षावाले बोलत होते. "कुनाचं पोरगं हाय की," एक म्हणत होता, "पन मायला लय जीव लावनारं दिसतंय." सुकेशनी मान खाली घालून घराकडं चालू लागली. चोरी करून आल्यासारखं वाटत होतं, आणि चोरी तर तिनं केलीच होती.

चांगुणाबाई अंगणात परातीपुढं बसल्या होत्या. भिजलेले गहू वाटून झाले होते, हात कोपरापर्यंत पांढरे. सोऱ्या घासूनपुसून उन्हात ठेवलेला. लेकीला बघून त्या एवढ्या हसल्या, की सुकेशनीला त्यांचे दात किती पडलेत ते पहिल्यांदा दिसलं.

"तुला बी कळलं व्हय? बरं झालं आलीस. उद्या चीक शिजवायचा. पन मी म्हनते, चार कुरडया घालून बघावं आन् बाकीच्या दीपू आल्यावर. काय म्हनतीस?"

किशनराव ओट्यावर बसले होते. ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "फ्लेक्सच्या कोपऱ्यात नंबर हाय. म्या आठ बार लावला. लागंना."

तो नगरपरिषदेच्या परवान्याचा नंबर होता. आता उशीर करण्यात अर्थ नव्हता. तिनं मायसमोर बसकण मारली आणि एका दमात सांगून टाकलं. "माय, तो दीपूनं न्हाई लावला. मी लावला. पिक्चरची जाहिरात हाय ती. चिठ्ठीचा फोटो मी दिला. एक मेला पिक्चर यायलाय, दीपू न्हाई."

चांगुणाबाईंचे हात परातीत तसेच राहिले.

"पिक्चर?"

"व्हय."

"मग अक्षर?"

"ऑफिसातल्या पोरीनं गिरवलं. उद्या त्याच्यावर पिक्चरचं नाव चिकटवतील. माझं चुकलं माय. मला मार, काय बी कर."

किशनराव उठून आत निघून गेले. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. चांगुणाबाई पांढऱ्या हातांकडं अशा बघत राहिल्या, की हे हात कुणाचे आहेत ते त्यांना ओळखू येईना. शेजारची गंगम्मा दारातून डोकावली आणि एकंदर रंग बघून मुकाट्यानं मागे फिरली. सुकेशनीला वाटलं, माय आता एक थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

मग चांगुणाबाईंनी विचारलं, "किती गावांत लावलं हे?"

"काय?"

"फ्लेक्स. इथंच हाय, का आनिक कुठं?"

"परभणी, पाथरी, सेलू, नांदेड... सगळीकडं मिळून बेचाळीस गावांत. पुण्या-मुंबईकडचे याच्याबिगर."

"पुन्यात बी? जितं दीपू कामाला गेला व्हता तितं?"

"तिथं लय हायत."

चांगुणाबाईंनी लुगड्याच्या पदराला हात पुसले. आवाज एकदम वेगळाच निघाला त्यांचा, कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसासारखा. "नऊ वर्षं झाली, सुकेशनी. मी किती खेटे घातले ठाण्यात. त्यायनी त्याचा एक कागुद एका बी भिताडाला डकवला न्हाई. म्हनायचे, असे लय जातेत मावशी. आन् तू त्याचं अक्षर बेचाळीस गावांत लावलंस. पुन्यात लावलंस. चार दिवस."

"माय..."

"कुठंबी असंल तर त्यो वाचंल का न्हाई? त्याला कळंल का न्हाई, की हे माझंच हाय?" त्यांनी लेकीचं मनगट धरलं. ओलसर हात गार होता. "मग त्याच्याखाली आपला नंबर का गं न्हाई टाकला?"

फ्लेक्स बनवताना अर्पिता कोपऱ्यात चौकशीसाठी ऑफिसचा फोन टाकू या म्हणत होती. तासभर भांडून सुकेशनीनंच तो काढायला लावला होता.