दीक्षाभूमीचा पडदा

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एका सिंधी शेठच्या फोटो स्टुडिओत दिनानाथ तीस वर्षं रिटचिंग करत होता. चेहरे कापायचे, चितारलेल्या पडद्यांवर चिकटवायचे, जोड दिसेनासा करायचा. त्याच्या हातून कितीतरी गिरणी कामगार काश्मीरच्या सरोवराकाठी उभे राहिले होते.

अठ्ठ्याऐंशी साली अंबरनाथची भिमाबाई आली. नवरा सुदाम वर्षापूर्वी गेला होता. पदराच्या गाठीतून तिनं त्याचा कारखान्याचा पास काढला. टपाल तिकिटाएवढा फोटो, तोही नुसता गळ्यापर्यंत. दोघांचा एकत्र फोटो कधी काढलाच नव्हता. छप्पन सालच्या दसऱ्याला सुदाम वस्तीतल्या माणसांबरोबर नागपूरला दीक्षेला गेला. भिमाबाईला नववा महिना होता, तिला जाता आलं नाही. पुढल्या वर्षी नेतो म्हणाला होता. मग कारखान्याच्या पाळ्या, पोरं, आजारपणं. ते पुढलं वर्ष आलंच नाही.

"तिथं उभं करा आम्हाला, भाऊ," ती म्हणाली. "घुमट नको. तवा नव्हता. मोकळं मैदान, नि पांढऱ्या कपड्यातली माणसं."

दिनानाथकडं असा पडदा नव्हता. त्यानं जाड पुठ्ठ्यावर पोस्टर कलरनं मैदान चितारायला घेतलं. भिमाबाई पांढऱ्या लुगड्यात उभी राहणार, म्हणून मागची गर्दी त्यानं मुद्दाम थोडी राखाडी ठेवली. पांढऱ्यावर पांढरं हरवतं. पासवरचा फोटो दोन्ही बाजूंनी दिवे लावून कॅमेऱ्यानं टिपला आणि मोठा केला. सुदामच्या नाकाची सावली उजव्या गालावर पडली होती. बाकी सगळ्यांवर उजेड त्याच अंगानं हवा.

अडचण धडाची होती. भिमाबाईनं दिनानाथकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, हाडापेरानं तुम्ही त्यांच्यासारखेच आहात. शेठनंही हसून पांढरा सदरा पुढं केला. तेव्हा तिच्या शेजारी दिनानाथ उभा राहिला, शेठनं दिवा डावीकडं सरकवला आणि फोटो काढला. त्या दोन मिनिटांत दिनानाथच्या ध्यानात आलं, की बायकोशेजारी आपण असे कधी उभेच राहिलो नाही. कुंदाला जाऊन सहा वर्षं झाली होती. तो कायम कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला.

पुढं आठवडाभर काम चाललं. छापलेल्या फोटोतून त्यानं दोघांना ब्लेडनं कापलं, स्वतःचं डोकं गळ्याशी उतरवलं, तिथं सुदामचं बसवलं. कडा मागून काचपेपरनं घासून कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ केल्या, नाहीतर चिकटवल्यावर कडेची सावली उठते. कॉलरपाशी बारीक कुंचल्यानं राखाडी भरली. मग त्या पुठ्ठ्याचाच पुन्हा फोटो काढला, की सगळं एका कागदावरचं झालं. नव्या निगेटिव्हवर पेन्सिल घेऊन भिमाबाईच्या सुरकुत्या भरायला तो बसला, कारण निगेटिव्हवर भरलेली रेघ छापात उजळ होते. पण सुदामचा चेहरा पन्नाशीचा होता, शेजारी ती एकटीच तरुण दिसली असती. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

भिमाबाई फोटो घ्यायला आली. बराच वेळ बघत राहिली. मग बोट सुदामच्या हातावर ठेवलं.

"ह्यांची दोन बोटं मशीनमध्ये गेली होती, भाऊ."

दिनानाथ ओशाळला. पास गळ्यापर्यंतच, त्याला कसं कळणार? पाच मिनिटांत टोकं पुसून देतो म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "छप्पन साली होती ती."

फोटो पदराखाली धरून ती गेली.

त्या रविवारी बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी, दिनानाथनं मेहुणीच्या लग्नाचा जुना ग्रुप फोटो पेटीतून बाहेर काढला. मागच्या रांगेत कुंदा, डोकं मुगाच्या दाण्याएवढं. सोमवारी स्टुडिओत तो चेहरा त्यानं मोठा केला. चेहऱ्याऐवजी फिल्मचे नुसते दाणे आले. डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग. असे डाग त्यानं शेकडो वेळा सावरले होते. बाहुली काढायची, वर चमकेचा एक ठिपका द्यायचा, पापण्या ओढायच्या, की माणूस बघायला लागतो. लोक म्हणत, अगदी हुबेहूब.

त्यानं पेन्सिलला टोक केलं आणि थांबला. कुंदाच्या पापण्या लांब होत्या की आखूड? भुवया कपाळाकडं चढत होत्या की सरळ जात होत्या? सोळा वर्षं ती समोर जेवायला बसली. तिचा आवाज आठवत होता, भाकरी थापतानाची बांगड्यांची लय आठवत होती. डोळे आठवत नव्हते. कुणाचेतरी काढले असते, तर कुणाला कळलं नसतं. त्यालाही महिन्याभरानं तेच खरे वाटले असते.

शेठनं विचारलं, अर्धवट का ठेवलंस? दिनानाथ म्हणाला, "एवढीच आहे ती."

डोळे न काढताच त्यानं कुंदाशेजारी आपला फोटो चिकटवला. मागं पडदा लावला नाही, कागद कोराच ठेवला. हेंद्रेपाड्यात तो फोटो भिंतीवर लागला. घरी येणारे म्हणत, वहिनी नीट दिसत नाहीत हो, एवढे कलाकार तुम्ही. दिनानाथ मान हलवी, आणि ते गेल्यावर फोटोसमोर खुर्ची ओढून बसे, आठवायचा प्रयत्न करत.